नंबर आहे, पण जीमेलचा पत्ता कोणता?

मोबाइलच्या दुकानात नवा फोन घेतला की काउंटरवरचा मुलगाच जीमेल खातं उघडून देतो. नाव विचारतो, नंबर टाकतो, सुचेल तो पत्ता बनवतो आणि फोन हातात ठेवतो. त्यानंतर चार-पाच वर्षं त्या पत्त्याची कुणाला गरज पडत नाही, कारण फोन आपोआप लॉग-इन असतो. गरज पडते ती पॅटर्न विसरल्यावर कुणीतरी बटणं दाबून फोन रीसेट केला की. रीसेट झालेला फोन सुरू होतो, वाय-फाय मागतो आणि मग पडद्यावर विचारतो, की या फोनवर आधी कोणतं गूगल खातं होतं?

हा प्रश्न अँड्रॉइडमध्ये 5.1 आवृत्तीपासून, म्हणजे 2015पासून आहे. चोरलेला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून ही सोय केली. सेटिंग्जमध्ये जाऊन रीतसर रीसेट केलं, तर फोन हे विचारत नाही, कारण तिथे पोहोचायला आधी फोन उघडावा लागतो. बाहेरून, बटणांच्या जोडीने रीसेट केलं की मात्र तो मालकीची खात्री मागतो. जुना पिन किंवा पॅटर्न चालतो, नाहीतर फोनवरचं गूगल खातं. पिन आठवत नाही म्हणून तर हा खटाटोप केलेला असतो, त्यामुळे उरतं ते खातंच. पासवर्ड विसरला तर तो बदलता येतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण कुणाचा पासवर्ड बदलायचा, तो पत्ताच माहीत नसला तर?

यासाठी गूगलची वेगळी वाट आहे. दुसऱ्या कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर accounts.google.com उघडलं, की ईमेल टाकायच्या चौकटीखाली `Forgot email?` अशी ओळ दिसते. तिच्यावरून पुढे गेलं, की मोबाइल नंबर किंवा रिकव्हरीचा ईमेल विचारला जातो. मग खात्यावरचं नाव आणि आडनाव. ते जुळलं, की त्या नंबरवर सहा आकडी कोड येतो आणि कोड भरल्यावर त्या नंबरला जोडलेल्या खात्यांची यादी समोर येते. सगळं सुरळीत झालं तर पाच मिनिटांचं काम. पण सुरळीत होत नाही ते बहुतेक वेळा दोनच जागी: नंबरापाशी आणि नावापाशी.

आधी नंबराचं पाहू. इथे लागणारा नंबर म्हणजे खात्यात रिकव्हरीसाठी नोंदवलेला नंबर. फोनमध्ये जे सिम आहे त्याचा नंबर आपोआप खात्याला चिकटतो, असा समज सर्रास आढळतो; तो चुकीचा आहे. खातं उघडताना नंबराची पायरी गाळली गेली असेल, किंवा दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःचाच नंबर टाकला असेल, तर आपला नंबर कितीदाही भरला तरी अशा माहितीचं खातं नाही, एवढंच उत्तर मिळतं. या उत्तराचा अर्थ खातं नष्ट झालं असा होत नाही. दिलेला नंबर आणि दिलेलं नाव या जोडीला काही सापडलं नाही, इतकंच त्यातून कळतं. घरात तेव्हा वापरात असलेले इतर नंबर, मुलाचा, सुनेचा, यजमानांचा, एकेक करून टाकून पाहावेत. ज्या नंबरावर खातं असेल तो फोन हाताशी हवा, कारण कोड त्यावरच येणार.

नावाची अडचण याहून चिवट. समजा, साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन असाच अडकला आहे. त्यांचं नाव सुरेखा. मुलीने नंबर टाकला, नाव `Surekha` आणि पुढे आडनाव भरलं. उत्तर आलं, खातं नाही. मग `Sureka` लिहून पाहिलं, तरी नाही. दुकानदाराने घाईत काय टाइप केलं असेल, याचाच अंदाज आता बांधायचा. बाईंना शाळेत सगळे ‘मॅडम’ म्हणायचे, तर `Surekha Madam` असेल का? आडनावाच्या जागी गावाचं नाव असेल का? नाव देवनागरीत लिहिलं असेल का? शेवटी मुलीने आईचे जुने ईमेल स्वतःच्या इनबॉक्समध्ये शोधले. बाईंनी कधीतरी पेन्शनच्या कागदाचा फोटो पाठवला होता. पाठवणाऱ्याच्या जागी दिसत होतं `Surekha Tai`. ते भरायचीही गरज उरली नाही, कारण त्याच ओळीत पत्ताही होता.

म्हणून गूगलला विचारण्याआधी आपल्याच घरात शोधणं शहाणपणाचं. ईमेल गेलेला असो वा नसो, गूगल फोटोजमधला सामायिक अल्बम, ड्राइव्हवर पाठवलेली फाइल, कॅलेंडरचं निमंत्रण, या प्रत्येकात पाठवणाऱ्याचा पत्ता दुसऱ्याच्या खात्यात राहतो. घरच्या टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये कधी तेच खातं लावलेलं असतं. आणि फोन अजून चालू असेल, रीसेट झाला नसेल, तर काम फारच सोपं. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’मध्ये पत्ता दिसतो, प्ले स्टोअरच्या कोपऱ्यातल्या गोलावर दाबलं तरी दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगलवर जात असेल, तर सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपच्या पानावर तो कोणत्या खात्यात जातो तेही लिहिलेलं असतं. फोन रीसेट करण्याआधी हा पत्ता कागदावर उतरवून घेतला, तर वरची अर्धी कहाणी घडतच नाही.

आता एक प्रश्न साहजिक आहे. नंबर आपला, सिम आपलं, कोडही आपल्याच फोनवर येतो. मग नाव कशाला हवं?

कारण नंबर कायम एकाच माणसाकडे राहत नाही. भारतात बंद पडलेला मोबाइल नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. सर्वोच्च न्यायालयात 2023मध्ये हा विषय आला, तेव्हा बंद झालेला नंबर किमान 90 दिवस कुणाला दिला जात नाही, असं दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सांगितलं होतं. म्हणजे त्यानंतर तो कुणाच्याही हातात जाऊ शकतो. नव्या मालकाला कोड मिळेल, पण आधीच्या माणसाचं नाव त्याला माहीत नसेल. नाव माहीत असलेल्या ओळखीच्या माणसाकडे कोड नसेल. दोन्ही एकत्र असल्याशिवाय पत्ता उघड होत नाही, हीच या रचनेतली मेख आहे.

ही खबरदारी फाजील वाटत असेल, तर ट्विटरचं उदाहरण पाहावं. जून 2021मध्ये ट्विटरने आपल्या कोडमध्ये एक बदल केला. त्यात अशी फट राहिली, की कुणी एखादा ईमेल किंवा फोन नंबर दिला, तर तो कोणत्या खात्याचा आहे हे व्यवस्थाच सांगून टाकत होती. जानेवारी 2022मध्ये एका संशोधकाने ही त्रुटी कळवली आणि ती दुरुस्त झाली. पण तोवर कुणीतरी तिचा फायदा घेतला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये सुमारे 54 लाख खात्यांची माहिती विक्रीला आल्याचं उघड झालं आणि ऑगस्टमध्ये कंपनीने ते मान्य केलं. एकही पासवर्ड गेला नव्हता. तरीही टोपणनावाने लिहिणाऱ्या, आपली ओळख झाकून ठेवणाऱ्या माणसांसाठी हा मोठा घाव होता, कारण त्यांच्या टोपणनावाला आता फोन नंबर जोडला गेला होता. फेसबुकनेही एप्रिल 2018मध्ये फोन नंबर किंवा ईमेल टाकून माणूस शोधण्याची सोय बंद केली, ती याच प्रकारच्या गैरवापरामुळे.

म्हणूनच पुष्कळ संकेतस्थळं युजरनेम विसरल्यावर एक गुळमुळीत वाटणारं वाक्य दाखवतात: या ईमेलवर खातं असल्यास माहिती पाठवली आहे. खातं आहे की नाही हे पडद्यावर ती मुद्दामच सांगत नाहीत. ते वाक्य वाचून काम झालं असं समजू नये. दहा-पंधरा मिनिटं थांबावं, स्पॅम पाहावा आणि काहीच आलं नाही, तर त्या ईमेलवर खातं नाही असं धरून दुसरा ईमेल टाकावा.

आपल्याकडच्या सरकारी सेवांतही हीच दुहेरी कडी दिसते. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर हरवला, तर ईपीएफओच्या पानावर मोबाइलवरचा ओटीपी आधी लागतो, आणि मग नाव, जन्मतारीख व सोबत आधार, पॅन किंवा सदस्य क्रमांक यांपैकी एक. हरवलेला आधार क्रमांक मिळवायलाही नाव आणि नोंदवलेला मोबाइल किंवा ईमेल लागतो. मोबाइल किंवा ईमेल नोंदवलेलाच नसेल, तर हे ऑनलाइन होत नाही. तेव्हा आधार केंद्र गाठता येतं.

जिथे ईमेलची पेटी उघडता येते पण एखाद्या दुसऱ्या सेवेचं युजरनेम आठवत नाही, तिथे पेटीच सर्वांत चांगला साक्षीदार. बहुतेक सेवा खातं उघडताना स्वागताचं पत्र पाठवतात आणि त्यात युजरनेम असतं. रेल्वे तिकिटांचं खातं शोधायचं असेल, तर जीमेलच्या शोधचौकटीत असं लिहून पाहावं:

```
in:anywhere from:irctc "user id"
```

`in:anywhere` लिहिल्यामुळे स्पॅम आणि कचरापेटीही तपासली जाते. निकाल तारखेनुसार लावलेले असतील, तर सर्वांत जुनं पत्र शेवटच्या पानावर असतं, तिथून उलटं यावं. ब्राउझरने पासवर्ड जपून ठेवले असतील, तर passwords.google.com वर प्रत्येक सेवेसमोर युजरनेमही दिसतं.

काही वेळा या सगळ्यातून पत्ता सापडतो, पण खातं उरलेलं नसतं. दोन वर्षं अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर 2023पासून पुसू लागलं आहे. पुसलेला जीमेल पत्ता पुन्हा कुणालाही, मूळ मालकालाही, नव्याने घेता येत नाही. ऑफिस किंवा कॉलेजने दिलेलं खातं असेल, तर ते तिथल्या व्यवस्थापकाकडेच विचारावं लागतं.

आणि या अडचणीत सापडलेली माणसं गूगलवरच ‘गूगल कस्टमर केअर नंबर’ शोधतात, तिथे फसवणारे टपूनच असतात. पासवर्ड किंवा खातं परत मिळवून देण्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही सेवेशी आपला संबंध नाही, असं गूगलने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. फोनवरून कुणी ‘आलेला कोड सांगा’ म्हणत असेल, तर तो कोड तुमच्या खात्याचा असतो आणि खातं त्याच्याकडे जाणार असतं.

सुरेखाबाईंचा पत्ता मिळाल्यावर मुलीने पासवर्ड बदलून घेतला, फोन उघडला आणि myaccount.google.com वर जाऊन आईच्या खात्यात सुरक्षेच्या पानावर पाहिलं. रिकव्हरी फोनच्या जागी एक अनोळखी नंबर होता. तो काढून तिने तिथे आईचा नंबर घातला आणि रिकव्हरीचा ईमेल म्हणून स्वतःचा.