आठवड्याचा पगार महिन्यावर नेताना

आठवड्याचा पगार महिन्याच्या शेवटाला क्वचितच संपतो. म्हणून बदलाच्या वेळी मधले काही दिवस दोन्ही पगारपत्रकांतून सुटतात. समजा, एका कारखान्यात सोमवार ते रविवार असा हिशेब होता आणि १ ऑगस्ट २०२५ पासून मासिक पगार ठरला. शेवटचा पूर्ण आठवडा २७ जुलैला संपला. सोमवार २८ ते गुरुवार ३१ जुलै हे चार दिवस मधेच राहिले. त्यांचे वेगळे पगारपत्रक करून पैसे लगेच द्यावेत. ऑगस्टच्या पगारापर्यंत थांबवले तर कामगाराचे घर महिनाभर अडते.

खरी चूक ओव्हरटाइममध्ये होते, आणि ती सहज दिसत नाही. त्या चार दिवसांत रोज ९ तास, म्हणजे ३६ तास आणि १ व २ ऑगस्टला मिळून १६ तास काम झाले, तर आठवड्याचे ५२ तास होतात. तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियमानुसार ४८ वरचे ४ तास दुप्पट दराचे. पण ३६ आणि १६ वेगवेगळे तपासले की ओव्हरटाइम शून्य दिसतो! पगाराचा काळ बदलला तरी कामाचा आठवडा अखंडच मोजावा आणि या तासांचे पैसे ऑगस्टमध्ये द्यावेत.

३१ जुलैच्या रात्रपाळीचे मध्यरात्रीनंतरचे तास ३१ तारखेतच धरावेत. शेवटी २१ जुलै ते ३१ ऑगस्टच्या हजेरीपटातले एकूण तास तिन्ही पगारपत्रकांच्या बेरजेशी जुळलेच पाहिजेत.