गोल चट्टा म्हणजे नायटाच असतो का?

सात महिन्यांचं एक पिल्लू समजा. डोळ्याच्या वर रुपयाएवढ्या जागेतले केस गेले आहेत, पण ते फारसं खाजवत नाही. घरचे म्हणतात, ‘नायटा झालाय.’ मग माणसांसाठी आणलेलं मलम लावलं जातं. तीन आठवड्यांत एका चट्ट्याचे चार होतात आणि त्वचा लाल, खवलेदार दिसू लागते.

पशुवैद्य कातडी चिमटीत दाबतात, बोथट पात्यावर खनिज तेलाचा थेंब घेऊन ती खरवडतात, अगदी किंचित रक्त येईपर्यंत. इतकं खोल जावं लागतं, कारण डेमोडेक्स नावाचा कीटक केसांच्या मुळाशी राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली विडीसारखे लांबट, आखूड पायांचे कीटक आणि अंडी भरपूर दिसतात. म्हणजे हा नायटा नव्हेच, ही खरजेचीच एक जात. तो कीटक निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडा असतोच. प्रतिकारशक्ती कमी पडली की माजतो. मलमात बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड होतं. त्यानं त्वचेची प्रतिकारशक्ती आणखी दबली आणि कीटकांचं फावलं. खरा नायटा असता, तरी स्टेरॉइडनं तो पसरलाच असता.

खरजेची दुसरी जात सार्कोप्टिस कीटकाची. तिची ओळख म्हणजे भयंकर खाज. कानांच्या कडा, कोपरं आणि पोट आधी बिघडतं. कानाची कड बोटांनी चोळली की कुत्रा मागचा पाय झाडू लागतो. मात्र हे कीटक संख्येनं इतके कमी असतात की खरवडून पाहिलं तरी पुष्कळदा हाती लागत नाहीत. म्हणून ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘खरूज नाही’ असा होत नाही. संशय दाट असला तर डॉक्टर औषध देऊनच पाहतात.

बुरशीसाठी चट्ट्याच्या कडेचे केस उपटून घेतात. अतिनील दिव्याखाली काही केस हिरवट चमकतात, पण सगळ्या बुरशी चमकत नाहीत. नमुना प्रयोगशाळेत वाढवून खात्री करायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

निदानावर पुढचं सगळं ठरतं. बुरशीचं औषध कीटक मारत नाही आणि कीटकांचं औषध बुरशी मारत नाही. नायटा घरातल्या मुलांना लागतो, त्यामुळे अंथरुणं आणि फरशीही साफ करावी लागते. सार्कोप्टिस असेल तर सोबतच्या सगळ्या कुत्र्यांना एकदम औषध द्यावं लागतं, आणि माणसांनाही काही दिवस खाज सुटू शकते. डेमोडेक्स मात्र माणसाला लागत नाही. खरजेवरचं आयव्हरमेक्टिन मनानं देऊ नये. कोलीसारख्या काही जातींत ते मेंदूवर जाऊन जीवही घेऊ शकतं.

आपल्या पिल्लाचं औषध केस उगवले म्हणून थांबत नाही. महिन्याच्या अंतरानं दोनदा खरवडून एकही कीटक दिसला नाही, की मगच ते थांबतं.