व्हरांड्यातला हजर, शेवटच्या बाकावरचा गैरहजर

बोईसर-पालघर पट्ट्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या ७५ टक्के हजेरीच्या नियमात येतात. साठ-सत्तर जणांची नावे पुकारण्यात तासाचा बराच वेळ जातो, आणि डहाणू लोकल रखडली की उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा कॅटलॉग उघडावा लागतो. बोटाचा ठसा घेणारी यंत्रे याच त्रासावर उपाय म्हणून आली. कनिष्ठ महाविद्यालये आणि खासगी क्लास यांचे साटेलोटे मोडण्यासाठी राज्य सरकारने २०१८ मध्ये काही विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. पण ठशासाठीही रांग लागतेच. मग वाटते, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्याच्या ब्लूटूथवरूनच हजेरी का लागू नये? अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठासारख्या ठिकाणी ‘स्पॉटर-ईडीयू’ नावाच्या अ‍ॅपने हे केलेही आहे.

यातली यंत्रणा साधी असते. फळ्याच्या वर एक लहानसा बीकन बसवतात. तो आपला क्रमांक सतत प्रसारित करतो. विद्यार्थ्याच्या फोनमधले अ‍ॅप तो पकडते, संदेश किती जोरात ऐकू आला ते मोजते आणि ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर ‘हजर’ अशी नोंद करते. हा जोर डीबीएममध्ये मोजतात. आकडा उणे असतो आणि जितका शून्याजवळ, तितका संदेश जोरदार. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत तो साधारण ६ ने घटतो. म्हणजे एक मीटरवर उणे ६० असेल, तर दोन मीटरवर उणे ६६, चार मीटरवर उणे ७२ आणि आठ मीटरवर उणे ७८.

आता आपल्याकडची नेहमीची वर्गखोली घ्या: एका बाजूला व्हरांडा, त्याकडे उघडणाऱ्या गजांच्या खिडक्या. पहिल्या खिडकीबाहेर रेलून गप्पा मारणारा मुलगा बीकनपासून चार मीटरवर आहे. ब्लूटूथच्या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, त्यामुळे तेवढ्याच अंतरावर बसवलेले गज त्यांना फारसे अडवत नाहीत. त्याच्या फोनला उणे ७२ च्या आसपास जोर मिळतो. शेवटच्या बाकावरची मुलगी आठ मीटरवर आहे, तिला उणे ७८. तिचा फोन दप्तरात आहे आणि पुढे माणसांच्या चार रांगा आहेत. शरीरातले पाणी या लहरी शोषते. एका माणसाच्या आडोशानेही सहज १० डेसिबलची घट होऊ शकते. तिचा आकडा उणे ८८ वर गेला. मर्यादा उणे ८० ठेवली तर बाहेरचा हजर आणि आतली गैरहजर. उणे ९० ठेवली तर ती हजर होते, पण व्हरांड्यातला तर राहतोच, आणि भिंतीपलीकडचा वर्गही आत येतो. दोघांना बरोबर न्याय देणारी मर्यादा या खोलीत नाहीच.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. करोनाकाळात आयर्लंडच्या ट्रिनिटी कॉलेजमधील डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी ट्राममध्ये ब्लूटूथचा जोर मोजला. धातूच्या डब्यात लहरी परावर्तित होतात. फोन जवळ असोत वा दूर, आकड्यांवरून ते ओळखता येईना. आपली ‘आरोग्य सेतू’ही याच तत्त्वावर शेजारी कोण होते ते नोंदवत होती.

वाय-फायकडे वळून सुटका होत नाही. एक राउटर शेजारच्या दोन-तीन खोल्या व्यापतो आणि फोन आधीच्या राउटरला चिकटून राहतो. शिवाय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा क्रमांक न देता वेगळा बनावट क्रमांक सांगतो. खासगीपणासाठी ते योग्यच आहे, पण नुसत्या राउटरच्या यादीवरून माणूस ओळखणे त्यामुळे अवघड झाले. आणि मित्राकडे फोन सोपवून स्टेशनवर वडापाव खाणारा तर दोन्ही पद्धतींत हजरच. त्याला पकडायची एक खूण आहे: एकाच दप्तरातल्या दोन फोनचे आकडे तासभर बरोबरच चढतात आणि उतरतात. पण बाकावर शेजारी बसलेल्या जिवलग मैत्रिणींचेही जवळपास तसेच दिसू शकतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती लहान चुकीची. समजा यंत्रणा शंभरात पाचच वेळा हजर विद्यार्थ्याला चुकवते. शंभर तासांपैकी ७८ तास बसलेल्या मुलीचे सुमारे चार तास गळतात आणि नोंद होते ७४. ती ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि परीक्षेला बसायचा तिचा हक्क धोक्यात आला. स्वस्त फोनचा अँटेना कमजोर असेल किंवा बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅप मागे बंद पडत असेल, तर चूक पाचावर थांबत नाही, आणि ती वारंवार त्याच मुलीच्या वाट्याला येते. घरात एकच फोन असेल आणि तो कारखान्यात पाळीला गेलेल्या वडिलांकडे असेल, तर ती मुलगी यंत्राला दिसणारच नाही.

म्हणून अशी हजेरी लावायचीच असेल, तर तास संपण्याआधी यादी पडद्यावर दाखवावी, शिक्षकाने डोकी मोजून फरक तपासावा, आणि ‘मी इथे आहे’ म्हणणाऱ्याची नोंद तिथेच दुरुस्त करावी. मुलांच्या हालचालींचे कच्चे आकडे त्याच दिवशी पुसून टाकावेत.