‘व्हेन आय विल रीच’ की ‘व्हेन आय रीच’? मराठीतून असं तपासा

‘व्हेन आय विल रीच ऑफिस, आय विल कॉल यू.’ ऑफिसच्या ग्रुपवर असा मेसेज रोज कुणी ना कुणी टाकतं. प्रमाण इंग्रजीत यातला पहिला ‘विल’ चालत नाही. तिथे ‘व्हेन आय रीच’ हवं.

ही चूक मराठीतून येते. ‘पोहोचेन तेव्हा फोन करेन’ असं म्हणताना आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो. इंग्रजीत मुख्य वाक्यातला एक ‘विल’ पुरतो. वेळ किंवा अट सांगणारा भाग वर्तमानकाळात राहतो. ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अनटिल’ यांनाही हेच लागू.

विचित्र वाटतंय? मग ‘पाऊस आला तर मॅच रद्द होईल’ हे वाक्य पाहा. पाऊस अजून यायचाय, तरी आपण ‘आला’ म्हणतो. म्हणजे क्रियापदाचं रूप एका काळाचं आणि गोष्ट दुसऱ्या काळाची, हे मराठीलाही नवीन नाही.

मग सगळे ‘विल’ खोडायचे का?

नाही. खरी गफलत इथेच होते. समजा मेलमध्ये तीन वाक्यं आहेत: ‘आय विल सेंड द फाइल व्हेन आय विल रीच होम. इफ द ट्रेन विल बी लेट, आय विल कॉल. आय डोन्ट नो व्हेन द मीटिंग विल स्टार्ट.’

प्रत्येकाचं मनात मराठी करा. पहिल्यात ‘व्हेन’चा अर्थ ‘जेव्हा’, दुसऱ्यात ‘इफ’चा अर्थ ‘जर’. दोन्ही ठिकाणी त्यापुढचा ‘विल’ काढा. तिसऱ्यात मात्र अर्थ ‘कधी’ असा आहे: मीटिंग कधी सुरू होईल, माहीत नाही. हा ‘विल’ बरोबर आहे. ‘इफ’चा अर्थ ‘की नाही’ असेल, तरीही ‘विल’ चालतो. ‘आय डोन्ट नो इफ शी विल कम’, म्हणजे ती येईल की नाही, माहीत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असला, तरी मराठीत ‘जेव्हा’ आणि ‘कधी’ वेगळे आहेत. आपल्याला हा फायदाच.

काही वाक्यांत तर ‘विल’ काढल्याने अर्थच फिरतो. ‘आय विल टेल यू व्हेन आय विल नीड द लॅपटॉप’ म्हणजे लॅपटॉप कधी लागेल ते सांगेन. ‘विल’ काढला की ऐकणारा बहुधा ‘लागेल तेव्हा सांगेन’ असं समजेल, आणि लॅपटॉप आधी तयार ठेवणार नाही.

‘विल’ काढल्यावर उरलेलं क्रियापदही बघा. ‘व्हेन शी विल रीच’चं ‘व्हेन शी रीचेस’ होतं, ‘रीच’ नाही. ‘ट्रेन विल बी लेट’चं ‘ट्रेन इज लेट’ होतं. घाईत नुसता ‘विल’ खोडला तर ‘इफ द ट्रेन बी लेट’ असं मागे राहतं, आणि मेल तसाच जातो.