टाकीचा हिशेब

गच्चीवरच्या टाकीत या क्षणी असलेल्या पाण्यावर मनातल्या मनात निळा रंग टाकू. या निळ्या पाण्याचं वस्तुमान बदलत नाही, पण त्याच्यामागे नळातून धावणार कोण? म्हणून नजर टाकीवरच ठेवायची.

क्षणभरानं थोडं निळं पाणी बाहेर गेलेलं असतं, थोडं बिनरंगी आत आलेलं. म्हणजे निळं पाणी = टाकीतलं आत्ताचं पाणी − आलेलं + गेलेलं; आणि ही बेरीज सुरुवातीइतकीच. फरकाला वेळेनं भागून वेळ शून्याकडे नेला, की:

d/dt ∫ρ dV + ∮ρ(V·n) dA = 0

n बाहेर रोखलेला, म्हणून आत येणारा प्रवाह ऋण.

मिनिटाला ३० किलो आत, १८ बाहेर. तळ एक चौरस मीटर. पातळी १२ मिलिमीटर चढायला हवी. दहाच चढली, तर दोन लिटर कुठंतरी गळतंय.