केशरी आकड्यांखालची पैठणी

१९८० आणि ९० च्या दशकांतल्या घरगुती अल्बममध्ये हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे फोटोच्या उजव्या कोपऱ्यातले केशरी आकडे. कॅमेऱ्यावर ‘क्वार्ट्झ डेट’ असं छापलेलं असायचं आणि दुकानदार ते कौतुकानं दाखवायचा. आकडे पडायचे नेमके जमिनीच्या जवळ, म्हणजे उभ्या माणसांच्या पायांवर, मांडी घालून बसलेल्या पोरांच्या गुडघ्यांवर, नाहीतर साडीच्या निऱ्यांवर. त्यात सेल काढून पुन्हा घातला की घड्याळ मुळारंभाला जायचं, आणि दिवाळीच्या फोटोवर भलत्याच वर्षाची १ जानेवारी उमटायची. अशा खोट्या तारखेला पुरावा म्हणून काही किंमत नसते, पण ती झाकते ते कापड मात्र खरं असतं.

हे आकडे काढायचे म्हटलं की बहुतेक जण शेजारचा तुकडा उचलून त्यांच्यावर डकवतात. मागे मोकळं आकाश किंवा चुन्याची भिंत असेल तर ते खपूनही जातं. पैठणीच्या काठावर मात्र ते ठिगळच दिसतं, कारण वेलबुट्टी तुटते आणि निरीची घडी भलतीकडे वळते. खरं तर बऱ्याच फोटोंमध्ये आकड्यांखालचा तपशील पुसला गेलेलाच नसतो. तो रंगांच्या एका थरात शाबूत असतो आणि तिथून परत आणता येतो. तो तिथे का उरतो, हे कळायला फिल्मच्या पोटात डोकवावं लागतं.

रंगीत निगेटिव्ह फिल्मवर प्रकाशाला दाद देणारे तीन मुख्य थर असतात. सगळ्यात वर निळ्या प्रकाशाचा थर, त्याखाली हिरव्याचा आणि तळाशी, प्लास्टिकच्या पट्टीला लागून, लाल प्रकाशाचा. निळ्याच्या खाली एक पिवळा गाळणीथर असतो. तो निळा प्रकाश खालच्या थरांपर्यंत जाऊ देत नाही. लेन्समधून येणारा प्रकाश या रचनेतून वरून खाली उतरतो. तारखेचा प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांत उलट्या बाजूनं येतो. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणात, फिल्मच्या पाठीशी एक छोटी खिडकी असते. तिच्यातून बारीक दिवा आकडे फिल्मच्या पाठीवर उमटवतो. हा प्रकाश आधी गाठतो तो लाल थर, आणि तो थर चांगलाच भाजून निघतो. पुढे हिरव्या थरापर्यंत थोडाच प्रकाश पोचतो. निळ्या थरापर्यंत जवळपास काहीच जात नाही, कारण वाटेत पिवळी गाळणी आडवी येते. प्रिंटवर याचा परिणाम असा दिसतो की लाल पूर्ण, हिरवा अर्धामुर्धा आणि निळा जिथल्या तिथे. या मिश्रणालाच डोळा केशरी म्हणतो.

स्कॅन केलेल्या फोटोतही लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल असतात. त्यातला एकेक वेगळा, काळ्यापांढऱ्या रूपात बघता येतो. लाल चॅनलमध्ये आकडे पांढरेफटक दिसतात आणि त्यांच्याखाली काहीच नसतं. हिरव्यात ते फिकट असतात, आणि खालची वीण त्यांच्यातून डोकावते. निळा उघडला की आकडे जवळजवळ गायब होतात आणि निऱ्या अखंड दिसतात. दुरुस्तीला बसण्याआधी ही एवढी तपासणी करून घ्यावी, म्हणजे काय वाचलं आहे आणि काय गेलं आहे ते तिथेच समजतं.

स्कॅन बरा असेल तरच हे सगळं साधतं. ४ बाय ६ इंचांचा प्रिंट ६०० पीपीआयला स्कॅन केला की ३ मिलिमीटर उंचीचा आकडा सुमारे ७० पिक्सेलचा होतो. एवढ्यात काम नीट करता येतं. स्कॅनरमधली धारदारपणा वाढवणारी आणि रंग आपोआप सुधारणारी सोय बंद ठेवावी, आणि फाइल टिफमध्ये साठवावी. जेपेग आकार वाचवण्यासाठी रंगाची माहिती उजेडापेक्षा ढोबळ करून ठेवतो. त्यामुळे आकड्यांचा केशरी रंग कडेच्या पिक्सेलमध्ये पसरतो आणि एरवी स्वच्छ असलेला निळा चॅनलही कडांवर मळतो. व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेल्या फोटोवर ही पद्धत लंगडी पडते ती याच कारणानं.

एक नमुना घेऊन पाहू. हिरव्या पैठणीच्या निऱ्यांवर ‘९४ १२ २५ अशी तारीख उमटली आहे आणि शेवटचा ५ जरीच्या काठावर चढला आहे. ० ते २५५ च्या मोजपट्टीवर आकड्यांच्या बाहेरच्या हिरव्या कापडात लाल ६०, हिरवा ११० आणि निळा ८० भरतो. तेच कापड आकड्याच्या आत मोजलं तर लाल २५५, हिरवा १६० आणि निळा ७९ येतो. निळा ढळलेला नाही. त्याच्याकडे बघून बाकीचे दोन पुन्हा बांधायचे आहेत.

गिम्प या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये Colors > Components > Decompose मधून फोटोचे तीन करडे थर वेगळे होतात. आकड्यांची निवड लाल थरावरच करावी, कारण तिथे त्यांच्या कडा सगळ्यात ठळक असतात. ही निवड दोन-तीन पिक्सेलनं फुगवून तिची कड किंचित मऊ करायची. मग निळ्या थरातला तेवढाच भाग उचलून लाल थरात त्याच जागी चिकटवायचा. आता त्यात निऱ्यांच्या घड्या आणि धाग्यांची वीण आली, पण उजेड चुकीचा आहे, कारण लाल थरात हे कापड ६० असायला हवं आणि आलं आहे ८०.

इथे Curves लागतं. आकड्यांच्या बाहेर त्याच कापडाच्या दोन जागा मोजायच्या, एक उजळ आणि एक सावलीतली. उजळ जागी निळा ८० असताना लाल ६० आहे. निरीच्या सावलीत निळा ४० असताना लाल ३२ आहे, असं धरू. वक्ररेषेवर दोन बिंदू ठेवायचे, ८० चा ६० होईल असा एक आणि ४० चा ३२ होईल असा दुसरा. चिकटवलेला तुकडा आजूबाजूच्या कापडात विरून जातो. हिरव्या थराचंही असंच करता येतं. पण त्यात मूळ तपशील थोडाफार शिल्लक असतो, म्हणून आधी त्याचाच वक्र खाली ओढून १६० चा ११० होतो का ते बघावं. तेवढ्यानं भागलं तर उसनवारी कशाला? शेवटी Compose नं तिन्ही थर पुन्हा जोडायचे.

या पद्धतीचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. फिल्मचा रवाळपणा निळ्या थराबरोबरच येतो. ब्रशनं गुळगुळीत केलेला भाग मोठा प्रिंट काढल्यावर ओळखू येतो, तो त्याच्यात रवा नसतो म्हणूनच.

आता तो ५. सोनेरी जरीत लाल १८०, हिरवा १४५ आणि निळा ९५ भरतो. शेजारच्या हिरव्या कापडात निळा ८० होता. म्हणजे लाल थरात कापड आणि जर यांत १२० चं अंतर आहे, आणि निळ्यात फक्त १५ चं. निळ्याकडून जरीचा चमचमाट मागितला तर तो देणार कुठून? कापडासाठी बसवलेला वक्र जरीला लावला की जर मळकट हिरवी होते. म्हणून ५ चे दोन भाग करायचे. कापडावरचा भाग आधीच्या वक्रानं भरायचा. काठावरच्या भागासाठी वेगळी निवड आणि वेगळा वक्र, ज्यात ९५ चा १८० होईल. कापड आणि जर यांची हद्द कुठे आहे ते हिरव्या थरात दिसतं. तिथे आकड्यानं उजेड वाढवलेला असला तरी जर कापडापेक्षा उजळच राहते. कारागीर वेळ घालवतो तो इथे, आणि पुष्कळशी तयार उत्तरं फसतात तीही इथेच.

पिवळ्या आणि गडद केशरी कापडावर अडचण वाढते, कारण अशा रंगात निळा मुळातच १५-२० च्या आसपास असतो. त्याला ताणून दोनशेपर्यंत न्यायचं म्हटलं की तपशिलाबरोबर स्कॅनरचा खरखरीतपणाही तेवढ्याच पटीनं वाढतो. झेंडूच्या तोरणावर किंवा हळदीच्या फोटोत तारीख पडली असेल तर हिरव्या थरावर भिस्त ठेवावी आणि थोडी हार मान्य करावी.

आकडे गेल्यावरही बऱ्याचदा त्यांच्याभोवती तांबूस झळाळी उरते. दिव्याचा उजेड फिल्ममध्ये थोडा पसरलेला असतो, त्याची ही खूण. इथे लाल थर पूर्ण भाजलेला नसतो, नुसता उजळलेला असतो. त्यामुळे इथे काही चिकटवायचं नाही. आकड्यांच्या बाहेर आठ-दहा पिक्सेलची मऊ कडेची निवड करून फक्त लालचा वक्र हलकेच खाली ओढायचा. ही झळाळी आधी न काढता Heal ब्रश फिरवला तर भलतंच होतं. हा ब्रश वीण दुसरीकडून घेतो, पण रंग जागेवरच्या कडांशी जुळवतो. कडा तांबूस असल्या की सगळी दुरुस्ती तांबूस होते आणि माणूस ब्रशला दोष देत बसतो. सगळं झाल्यावर उरलेल्या दोन-चार ठिपक्यांसाठी मात्र तो चांगला आहे.

काम जमलं की नाही हे रंगीत फोटोत नीट कळत नाही. पुन्हा लाल चॅनल एकटा उघडून दुप्पट मोठा करून बघावा. आकड्यांची पुसट आकृती उरली असेल तर ती तिथे सापडते. मग फोटो लहान करून बघावा. जवळून न दिसणारा डाग लांबून दिसतो.

घरात निगेटिव्ह असेल तर एवढी खटपट करण्याआधी ती शोधावी. तारीख तिच्यावरही असणारच, कारण ती फिल्मवरच उमटलेली आहे. प्रिंट काढताना स्टुडिओच्या मशीननं नंतर छापली, असं अनेकांना वाटतं, ते खरं नाही. निगेटिव्हचा फायदा दुसराच आहे. प्रिंटच्या कागदावर लाल २५५ ला जाऊन आदळतो आणि तिथेच संपतो. निगेटिव्ह त्याहून बराच जास्त उजेड पेलते, त्यामुळे तिच्या लाल थरात आकड्याच्या आतही निऱ्यांचा पुसट माग राहिलेला असू शकतो. अशी पट्टी फिल्म स्कॅनरवर १६ बिटला स्कॅन करायची आणि आकड्यांच्या भागात लाल चॅनलचा वक्र जोरात खाली ओढून बघायचा. माग दिसला तर जरीसाठी निळ्याकडून अंदाज बांधायची गरज पडत नाही, खरी जरच हाती लागते. मूळ स्कॅन मात्र तारखेसकट वेगळा ठेवावा आणि ती तारीख खरी असेल तर फाइलच्या नावात लिहून टाकावी. वर्ष, महिना, दिवस या क्रमानं लिहिली की संगणकात फोटो आपोआप ओळीनं लागतात.