ईसीजीच्या पट्टीवरचा एक ठोका

ईसीजीचा कागद साधारणपणे सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकतो. त्यामुळे त्यावरचे आडवे लहान घर म्हणजे 0.04 सेकंद आणि पाच लहान घरांचे मोठे घर म्हणजे 0.2 सेकंद. उंचीवरून विद्युतदाब कळतो. नीट जुळवलेल्या यंत्रावर 10 मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट.

एका निरोगी प्रौढाची लीड 2 मधली पट्टी पाहू. सुरुवातीला बुटका, गोलसर पी तरंग दिसतो. उजव्या अलिंदातल्या सायनस गाठीतून निघालेली उत्तेजना दोन्ही अलिंदांत पसरते, त्याची ही खूण. गाठ स्वतः इतकी लहान असते की तिची विद्युतहालचाल कागदावर उमटतच नाही. या पट्टीवर पी दोन लहान घरे रुंद आहे. तीन घरांच्या आत तो असायला हवा.

पीच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंतचे अंतर म्हणजे पीआर. इथे ते चार घरे, म्हणजे 0.16 सेकंद भरते. यातला बराच वेळ अलिंद-निलय गाठीत जातो. हा उशीर फार मोलाचा आहे, कारण तेवढ्यात अलिंदांतले रक्त निलयांत उतरते. पीआर 0.12 ते 0.20 सेकंद असतो. तो सतत पाच घरांहून लांबला तर वहन मंदावलेले असते.

मग टोकदार क्यूआरएस येतो. निलयांचा स्नायू जाड असूनही हा तरंग दोन घरांतच, 0.08 सेकंदात आटोपतो, कारण हिस बंडल आणि पर्किंजे तंतू उत्तेजना झपाट्याने पोहोचवतात. तो तीन घरे किंवा त्याहून रुंद झाला, तर उत्तेजना नेहमीच्या वाटेने गेलेली नसण्याची शक्यता असते. अलिंदे याच सुमारास पूर्वस्थितीला येतात, पण त्यांची क्षीण खूण क्यूआरएसमध्ये झाकली जाते.

पुढचा एसटी भाग जवळजवळ सपाट असतो. सर्व निलयस्नायू एकाच वेळी उत्तेजित असल्याने त्यांच्यात विद्युतदाबाचा फरक उरत नाही. नंतरचा टी तरंग म्हणजे निलये पूर्वस्थितीला येणे. बाहेरचा थर सर्वांत शेवटी उत्तेजित होतो, पण सावरतो आधी. म्हणून लीड 2 मध्ये टीदेखील क्यूआरएसप्रमाणे वरच्याच दिशेला उमटतो.

क्यूआरएसच्या आरंभापासून टीच्या अखेरीपर्यंतचा क्यूटी इथे नऊ घरे, म्हणजे 0.36 सेकंद आहे. तो ठोक्यांच्या गतीनुसार बदलतो. दोन आर टोकांमध्ये चार मोठी घरे आहेत; 300 भागिले 4, म्हणजे मिनिटाला 75 ठोके. त्या गतीनुसार दुरुस्त केलेला क्यूटी सुमारे 0.40 सेकंद येतो आणि तो सामान्य आहे.

मात्र ही पट्टी विद्युतघटना दाखवते. स्नायू किती जोराने आकुंचन पावतो, हे तिच्यावरून थेट कळत नाही. हृदयविकाराच्या झटक्यातही पहिला ईसीजी कधीकधी सामान्य येतो. छातीत दुखत असेल, तर एका सामान्य पट्टीवर विसंबून घरी थांबू नये.